स्टेंटचे पैसे कमी मंजूर झाले, तर फरक कोणी भरायचा?

अँजिओप्लास्टी होते, रुग्ण घरी येतो आणि काही दिवसांनी विमा कंपनीचे मंजुरी पत्र हातात पडते. दवाखान्याने दोन स्टेंटचे एक लाख तीस हजार लावलेले असतात, कंपनीने मंजूर केलेले असतात साधारण ब्याऐंशी हजार. कॅशलेस असेल तर हाच आकडा डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर समजतो. "विम्याने एवढेच दिले, बाकीचे तुम्ही भरा," असे सांगितले जाते. गाडी बाहेर उभी असते, पेशंटला घरी न्यायची घाई असते, म्हणून घरचे लोक पाहुण्यांकडून, दुकानदाराकडून उसने आणून पैसे भरून टाकतात.

ही रक्कम भरण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: ती कापली का? हृदयाच्या उपचारांच्या बिलात स्टेंटची किंवा इतर साधनांची रक्कम कमी मंजूर होण्यामागे वेगवेगळी कारणे असतात आणि प्रत्येक कारणाप्रमाणे फरक सोसणारा बदलतो. काही कपात दवाखान्याने सोसायची असते, काही चुकीची असल्याने विमा कंपनीने परत द्यायची असते आणि काही खरोखर आपल्याला भरावी लागते. मंजुरी पत्रावर मात्र सगळ्यांची मिळून एकच बेरीज दिसते.

बीड जिल्ह्यातल्या कुटुंबांना हे माहीत असणे जास्त गरजेचे आहे, कारण इथला हृदयरुग्ण बऱ्याचदा गावापासून लांब दाखल होतो. आष्टी-पाटोद्याकडचा माणूस अहिल्यानगर किंवा पुणे गाठतो, अंबाजोगाई-परळीकडचा लातूरला जातो, बीड-गेवराईकडचा छत्रपती संभाजीनगरला. ऊसतोडीला गेलेल्याला फडावरच छातीत दुखू लागले, तर जवळ जे शहर असेल तिथे त्याला नेतात. परक्या गावात, अनोळखी काउंटरवर वाद घालणे अवघड जाते. म्हणून ही माहिती आधीच हाताशी असलेली बरी.

कायद्याने बांधलेली किंमत

ज्याला आपल्याकडे लोक "स्प्रिंग" म्हणतात, तो स्टेंट म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली धातूची बारीक जाळीदार नळी. साधी धातूची जाळी असेल तर तो साधा स्टेंट. जाळीवर औषधाचा लेप असेल आणि ते औषध हळूहळू झिरपत असेल, तर तो औषधवेष्टित स्टेंट. आज बहुतेक रुग्णांना हा दुसरा प्रकारच बसवतात.

२०१७ पर्यंत या वस्तूच्या किमतीला वरची मर्यादा नव्हती. औषधवेष्टित स्टेंटची छापील किंमत सरासरी एक लाख एकवीस हजारांच्या आसपास आणि साध्या स्टेंटची पंचेचाळीस हजारांच्या आसपास होती. कारखान्यातून निघालेल्या किमतीवर वितरक आणि दवाखाने असे टप्प्याटप्प्याने नफा चढत जायचा. जुलै २०१६ मध्ये स्टेंटचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत झाला. त्यानंतर राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने १३ फेब्रुवारी २०१७ रोजी कमाल किंमत ठरवली: साध्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि औषधवेष्टित स्टेंटला २९,६०० रुपये. औषध (किंमत नियंत्रण) आदेश २०१३ या कायदेशीर आदेशाखाली ती ठरलेली असल्यामुळे ती देशभर, सरकारी आणि खासगी सगळ्या दवाखान्यांना बंधनकारक आहे.

ही किंमत घाऊक महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे दर वर्षी एप्रिलमध्ये सुधारली जाते. १ एप्रिल २०२५ पासून कमाल किंमत औषधवेष्टित स्टेंटसाठी ३८,९३३.१४ रुपये आणि साध्या स्टेंटसाठी १०,६९२.६९ रुपये झाली. त्यावर ५ टक्के जीएसटी धरला की औषधवेष्टित स्टेंटचा आकडा साधारण ४०,८८० रुपये होतो. आपले बिल तपासताना शस्त्रक्रियेच्या तारखेला लागू असलेला दर घ्यायचा.

"हा बाहेरच्या देशातला आहे, नव्या पिढीचा आहे, म्हणून महाग," असे अनेकदा सांगितले जाते. स्टेंटच्या दर्जात आणि बनावटीत फरक असतो, हे खरे. पण कमाल किंमत देशी-परदेशी किंवा जुनी-नवी पिढी अशी वेगळी ठरवलेली नाही. महागड्या स्टेंटसाठी वेगळा गट करावा, अशी कंपन्यांची मागणी होती. २०१८ मध्ये दर सुधारतानाही असा गट झाला नाही. डॉक्टरांनी कोणताही औषधवेष्टित स्टेंट निवडला, तरी त्याची किंमत याच मर्यादेत बसली पाहिजे. "जादा किंमत मान्य आहे" अशी सही नातेवाइकांकडून घेतली, तरी त्या सहीने कायद्याची मर्यादा वाढत नाही. आणि ही मर्यादा आहे, ठरावीक दर नव्हे. पाकिटावरची छापील किंमत याहून कमी असेल, तर ती कमी किंमतच लावायला हवी.

म्हणून विमा कंपनीने स्टेंटची रक्कम कमाल किमतीवर आणून ठेवली, की वरची रक्कम मुळात देणे लागतच नाही. विमा कंपनीने ती द्यायची नाही आणि रुग्णानेही द्यायची नाही. दवाखान्याने ती बिलातून वगळायची असते.

स्टिकर हाच पुरावा

स्टेंटच्या पाकिटावर एक चिकटपट्टी असते. तिच्यावर ब्रँडचे नाव, उत्पादक किंवा आयातदार, बॅच नंबर, कमाल विक्री किंमत आणि स्टेंटचे माप असते. माप ३.० x २८ असे लिहिलेले दिसते. पहिला आकडा व्यासाचा, दुसरा लांबीचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. कॅथलॅबमध्ये पाकीट फोडल्यावर ही चिकटपट्टी काढून रुग्णाच्या कागदांवर लावतात.

दर ठरवतानाच प्राधिकरणाने दवाखान्यांना सांगितले आहे, की बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवायची आणि सोबत ब्रँड, उत्पादक किंवा आयातदार आणि बॅच नंबर लिहायचा. "स्टेंट व साहित्य: १,७६,०००" अशी एकच ओळ असेल, तर ते बिल अपुरे आहे. तपशीलवार बिल मागा. मिळाल्यावर तीन गोष्टी जुळवून पाहा. बिलात जितके स्टेंट आहेत तितके स्टिकर आहेत का? स्टिकरवरचे माप अँजिओप्लास्टीच्या अहवालात डॉक्टरांनी लिहिलेल्या मापाशी जुळते का? बिलातला बॅच नंबर स्टिकरवरचाच आहे का? एखादा स्टेंट नेताना वाकला किंवा बसवता आला नाही, तर तो वापरात धरलेला असू शकतो. त्याची नोंद अहवालात असायला हवी. अहवाल दोन स्टेंटचा आणि बिल तीनचे असेल, तर कारण लेखी विचारा.

विमा कंपनीही हेच कागद पाहते. स्टिकर किंवा खरेदीचे बिल जोडलेले नसेल, तर ती रक्कम थांबवते किंवा कापते. अशी कपात कागद दिल्यावर उठू शकते. म्हणून रुग्ण घरी न्यायच्या आधीच स्टिकर, अँजिओप्लास्टीचा अहवाल आणि सीडी घ्या आणि सगळ्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. महिन्याभराने पुन्हा लातूरला किंवा संभाजीनगरला जाऊन कागद काढायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते.

एक हिशेब, ओळीने

समजा, केज तालुक्यातल्या एका दुकानदाराची पाच लाखांची पॉलिसी आहे. तिच्यात खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ५,००० रुपये आहे. ते ८,००० रुपयांच्या खोलीत तीन दिवस राहिले. आयसीयूचा खर्च सोयीसाठी बाजूला ठेवू. बिल असे झाले: खोली २४,००० रुपये, डॉक्टर आणि कॅथलॅबची फी ८०,०००, दोन औषधवेष्टित स्टेंट १,३०,०००, बलून-वायर वगैरे साहित्य ४६,०००, औषधे आणि तपासण्या ३०,०००. एकूण ३,१०,०००.

कंपनीने दिले १,९२,१००. कापले १,१७,९००. घरच्यांना वाटले, पॉलिसीने दगा दिला. पण एकेक ओळ उलगडली की वेगळेच दिसते.

पहिली कपात स्टेंटच्या कमाल किमतीची. दोन स्टेंटचे जीएसटीसह होतात ८१,७६०. दवाखान्याने लावले १,३०,०००. फरक ४८,२४० रुपये. ही रक्कम दवाखान्याने मागायचीच नव्हती. कुटुंबाने भरली असेल, तर ती दवाखान्याकडून परत मागायची.

दुसरी कपात खोलीभाड्याची. मर्यादा ५,००० आणि खोली ८,००० ची, म्हणून तीन दिवसांचे ९,००० रुपये कुटुंबाचे. पॉलिसीत तसे लिहिलेले आहे, त्यात वाद नाही.

तिसरी कपात त्या खोलीमुळेच आली. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की डॉक्टर आणि शस्त्रक्रियेसारख्या खर्चालाही तेच प्रमाण लावायची तरतूद पॉलिसीत असते. इथे पाच अष्टमांश भाग मंजूर झाला, म्हणजे ८०,००० पैकी ५०,०००. उरलेले ३०,००० कुटुंबावर आले. याला एक अपवाद आहे. त्या दवाखान्यात खोली कोणतीही घेतली तरी डॉक्टरांची आणि शस्त्रक्रियेची फी सारखीच असेल, तर ही प्रमाणशीर कपात करता येत नाही. दवाखान्याचे दरपत्रक मागवून हे तपासावे.

चौथी कपात मात्र चूक आहे. कंपनीने स्टेंटची रक्कम आधी ८१,७६० वर आणली आणि मग तिलाही पाच अष्टमांशाचे प्रमाण लावून ५१,१०० केली. ३०,६६० रुपये असे गेले. विमा नियामक प्राधिकरणाने जून २०२० मध्ये ठरवून दिलेल्या मानक अटींप्रमाणे खोलीच्या प्रमाणात कापायच्या खर्चात शरीरात बसवलेली साधने आणि वैद्यकीय उपकरणे, औषधे आणि लागणारे साहित्य, तसेच तपासण्या धरायच्या नसतात. आयसीयूच्या खर्चालाही हे प्रमाण लावायचे नसते. खोली मोठी घेतली म्हणून आत बसवलेला स्टेंट महाग होत नाही, इतके साधे हे तत्त्व आहे.

आता बेरीज करा. १,१७,९०० पैकी ४८,२४० दवाखान्याकडे मागायचे, ३०,६६० विमा कंपनीकडे मागायचे आणि कुटुंबाच्या वाट्याला खरे तर ३९,००० राहतात. पत्र न उलगडता भरले असते, तर ७८,९०० रुपये विनाकारण गेले असते.

बलून, वायर, पेसमेकर: इथे नियम वेगळा

स्टेंटच्या किमतीला मर्यादा आली, तरी त्याच्याबरोबर वापरल्या जाणाऱ्या इतर वस्तूंना ती लागू नाही. रक्तवाहिनी फुगवून रुंद करणारा बलून, आत वाट काढणारी गाइड वायर, गाइडिंग कॅथेटर, पेसमेकर आणि हृदयाच्या झडपा यांना अशी कमाल किंमत ठरलेली नाही. बंधन एवढेच, की छापील किमतीपेक्षा जास्त लावता येत नाही आणि उत्पादकाला ती छापील किंमत वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. बिलात स्टेंट बरोबर मर्यादेत आणि साहित्याची रक्कम मात्र फुगलेली, असे चित्र यामुळेच दिसू शकते.

या वस्तूंची रक्कम विमा कंपनी दोन कारणांनी कमी करते. दवाखाना कंपनीच्या यादीत असेल, तर दोघांचे दर आधीच ठरलेले असतात आणि कंपनी त्या दराने पैसे देते. कॅशलेसमध्ये ठरलेल्या दराच्या वरची रक्कम दवाखाना मागत असेल, तर "ही कपात पॉलिसीच्या अटीमुळे आहे की तुमच्या कराराच्या दरामुळे?" असे विमा कंपनीला ईमेलवर विचारा. कराराचे कारण असेल, तर ती मागणी कंपनीलाच कळवा. यादीबाहेरच्या दवाखान्यात आधी स्वतः पैसे भरून नंतर क्लेम केला असेल, तर कंपनी त्या भागातल्या नेहमीच्या वाजवी खर्चाशी तुलना करून रक्कम ठरवते. इथे कमी पडलेली रक्कम बऱ्याचदा रुग्णावरच राहते. म्हणून घाई नसलेली अँजिओप्लास्टी किंवा पेसमेकर असेल, तर साधनाचे नाव आणि छापील किंमत असलेले लेखी अंदाजपत्रक घ्यावे आणि ते आधी विमा कंपनीकडून मंजूर करून घ्यावे.

योजनेतला रुग्ण आणि सरकारी कर्मचारी

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हिशेबच निराळा असतो. तिथे प्रत्येक उपचाराचा एकत्रित दर ठरलेला असतो आणि साधनाचे पैसे धरून तो थेट दवाखान्याला मिळतो. दवाखान्याच्या नेहमीच्या दरापेक्षा तो कमी असतो, हे खरे. पण तो दर मान्य करूनच दवाखाना योजनेत आलेला असतो. "योजनेतला स्टेंट साधा आहे, चांगला हवा तर वीस हजार वरून द्या," अशी मागणी करता येत नाही. पैसे मागितले, तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला लगेच सांगा आणि १५५३८८ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. योजना जिल्ह्यापुरती नाही. बीडचे शिधापत्रिकाधारक कुटुंब कोल्हापूर-सांगलीकडच्या योजनेतल्या दवाखान्यातही तिचा लाभ घेऊ शकते. ऊसतोडीला जाताना शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत असावे, ते यासाठीच.

जिल्हा परिषदेचे शिक्षक आणि राज्य शासनाचे इतर कर्मचारी खर्चाची प्रतिपूर्ती मागतात. अँजिओप्लास्टी आणि बायपास हे १९ मार्च २००५ च्या शासन निर्णयातल्या गंभीर आजारांच्या यादीत आहेत. खासगी दवाखान्याचे बिल कार्यालयामार्फत जिल्हा शल्यचिकित्सकांकडे छाननीला जाते. छाननीत स्टेंट कमाल किमतीवर आणला, तर ती कपात शासनाने अन्याय केला म्हणून झालेली नसते. दवाखान्याने जास्त आकारल्याचे ते लक्षण असते आणि परतावा दवाखान्याकडे मागायचा असतो.

मागणी कशी करायची

आधी विमा कंपनीकडून कपातीची ओळीनिहाय यादी कारणांसह मागवा. दवाखान्याच्या वाट्याच्या रकमेसाठी बिलाची प्रत, स्टिकरचा फोटो आणि लागू कमाल किंमत जोडून बिलिंग विभागाला एक छोटे पत्र द्या आणि पोच घ्या. पत्रात आरोप नको, आकडे पुरेत: बिलातली रक्कम, कमाल किंमत, फरक, आणि परतीसाठी बँक खाते.

दवाखान्याने टाळले, तर मूल्य निर्धारण प्राधिकरणाच्या १८०० १११ २५५ या क्रमांकावर तक्रार करता येते. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडेही जाता येते. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. प्राधिकरणाने जादा आकारलेली रक्कम व्याजासह वसूल केली, तरी ती सरकारजमा होते, रुग्णाच्या खात्यात येत नाही. त्या तक्रारीने दवाखान्यावर दबाव येतो. आपले पैसे परत मिळवायचे, तर ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. बीडमध्येच जिल्हा ग्राहक आयोग आहे, दवाखाना दुसऱ्या जिल्ह्यात असला तरी तक्रारदार राहतो तिथे तक्रार दाखल करता येते. मुदत घटनेपासून दोन वर्षे.

विमा कंपनीच्या चुकीच्या कपातीसाठी आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. पत्रात एकच वाक्य ठळक असू द्या: स्टेंटच्या रकमेला खोलीभाड्याचे प्रमाण लावलेले आहे, ते काढावे. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. बीड जिल्हा पुण्याच्या कार्यालयाखाली येतो. तिथे फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.

आणि डिस्चार्जच्या दिवशी पैसे भरल्याशिवाय सुटका नसेल, तर भरा, पण पावतीवर किंवा बिलाच्या प्रतीवर "स्टेंटच्या कमाल किमतीवरील रक्कम आक्षेपासह भरली" असे लिहून सही करा. दवाखान्याने लिहू दिले नाही, तर त्याच दिवशी तेच वाक्य दवाखान्याच्या ईमेलवर पाठवा. नंतर परतावा मागताना पैसे राजीखुशीने दिले नव्हते, हे त्यावरून दाखवता येते.